विश्वस्त संस्थेचे बँक खाते : ठराव कोणाचा, सही कोणाची?

विश्वस्त संस्था स्वतः सही करू शकत नाही. तिच्या वतीने सही करणारी माणसे असतात, आणि ती माणसे कोण हे ठरविणे ही संस्थेचे खाते उघडण्यातील सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. तरीही अनेक विश्वस्त मंडळे या पायरीकडे अर्जातील एक रकाना म्हणून पाहतात. अध्यक्षांचे छायाचित्र, कोषाध्यक्षांचे आधार कार्ड, संस्थेचा शिक्का आणि चार ओळींचा ठराव एवढे घेऊन मंडळी बँकेत जातात. आठवड्याने कागद परत आले की ‘बँक उगाच अडवते’ अशी तक्रार सुरू होते.

वस्तुतः बँक एकच प्रश्न विचारत असते : हा पैसा संस्थेचा आहे, तर तो काढण्याचा अधिकार या व्यक्तीला कोणी दिला? याचे उत्तर एका साखळीत दडलेले असते. न्यासपत्राने विश्वस्तांना अधिकार दिले, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातील नोंदवहीने ते विश्वस्त कोण हे सांगितले, त्या विश्वस्तांनी रीतसर सभेत ठराव केला, आणि ठरावाने सही करणाऱ्यांची नावे निश्चित केली. यातील एक कडी जरी जुळली नाही, तरी शेवटच्या सहीला आधार उरत नाही. हे कसे घडते, ते महाराष्ट्रातील एका कल्पित न्यासाच्या उदाहरणावरून पाहू.

अकरा लाखांचा धनादेश

तालुक्याच्या एका गावी विद्यार्थ्यांचे वसतिगृह चालविणारा धर्मादाय न्यास आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली त्याची नोंदणी झालेली आहे. विश्वस्त सात. आजवरचा सारा व्यवहार गावातील एका पतसंस्थेच्या खात्यातून चालत आला. वसतिगृहात अभ्यासिका बांधण्यासाठी एका दात्याने ११ लाख रुपयांचा धनादेश दिला आणि ही रक्कम बँकेत स्वतंत्र खात्यात ठेवावी, अशी इच्छा व्यक्त केली. धनादेशावरील तारीख ५ जून. धनादेशाची मुदत त्यावरील तारखेपासून तीन महिन्यांची असते, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापूर्वी न्यासाच्या नावे खाते उघडून धनादेश जमा होणे आवश्यक होते. तो अध्यक्षांच्या किंवा अन्य कोणाच्या वैयक्तिक खात्यात भरता येणार नव्हता. न्यासाच्या नावाचा धनादेश विश्वस्ताच्या खासगी खात्यात जमा करून घेणे ही बँकेच्या दृष्टीनेही हयगय ठरते.

दात्याची इच्छा कायद्याशीही सुसंगत होती. अधिनियमाच्या कलम ३५ नुसार न्यासाच्या कामी लगेच न लागणारा पैसा शेड्यूल्ड बँकेत, पोस्टाच्या बचत बँकेत किंवा राज्य शासनाने त्यासाठी मान्य केलेल्या सहकारी बँकेत ठेवावा लागतो, अथवा सरकारी रोख्यांसारख्या मान्य प्रकारांत गुंतवावा लागतो. पतसंस्था ही सहकारी संस्था असली तरी ती बँक नव्हे. ती ओळखीच्या माणसांची आहे, व्याज अधिक देते, ही कारणे विश्वस्तांना या कलमातून मोकळे करीत नाहीत.

१२ जून रोजी अध्यक्षांच्या घरी बैठक झाली आणि संस्थेच्या लेटरहेडवर ठराव टंकलिखित करण्यात आला. त्याचा आशय असा होता : ‘संस्थेचे खाते उघडण्याचे व चालविण्याचे सर्व अधिकार माननीय अध्यक्षांना एकमताने देण्यात येत आहेत.’ खाली अध्यक्षांची सही आणि शिक्का. २० जून रोजी बँकेने सर्व कागद परत केले. शाखेतील अधिकाऱ्याने चार त्रुटी लिहून दिल्या होत्या. त्या चारही समजून घेण्याजोग्या आहेत, कारण बहुतेक न्यासांचे घोडे याच चार ठिकाणी अडते.

पहिली त्रुटी : ठराव न्यासपत्राच्या विरुद्ध

न्यासपत्रातील एका कलमात स्पष्ट लिहिले होते की, न्यासाची बँक खाती अध्यक्ष, सचिव व कोषाध्यक्ष या तिघांपैकी कोणत्याही दोघांच्या संयुक्त सहीने चालविली जातील. ठरावाने मात्र एकट्या अध्यक्षांना अधिकार दिला. सातही विश्वस्तांनी एकमताने केलेला असला, तरी असा ठराव टिकत नाही. विश्वस्त मंडळ न्यासपत्रातून जन्माला येते, न्यासपत्र मंडळातून नव्हे. ठराव न्यासपत्राच्या चौकटीत अधिक कडक होऊ शकतो, सैल होऊ शकत नाही. न्यासपत्र ‘तिघांपैकी कोणतेही दोघे’ म्हणत असेल, तर मंडळ ‘तिघांपैकी दोघे, पण त्यांत कोषाध्यक्ष असलेच पाहिजेत’ असे ठरवू शकते. ‘तिघांपैकी कोणताही एक’ असे मात्र ठरवू शकत नाही.

न्यासपत्रात खाते चालविण्याविषयी काहीच लिहिलेले नसेल तर काय? भारतीय विश्वस्त अधिनियम, १८८२ च्या कलम ४८ मध्ये असे तत्त्व आहे की, एकाहून अधिक विश्वस्त असतील तर, न्यासपत्रात वेगळी तरतूद नसल्यास, सर्वांनी मिळून काम करावे. हा अधिनियम खासगी न्यासांसाठी आहे. परंतु न्यासपत्र मौन असताना बँका हेच सावध तत्त्व समोर ठेवतात आणि ठरावावर सर्व विश्वस्तांच्या सह्या मागतात. ज्या संस्था १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखालीही नोंदलेल्या आहेत, त्यांच्या बाबतीत न्यासपत्राच्या जागी संस्थेची घटना व नियमावली पाहिली जाते.

दुसरी त्रुटी : ज्याला अधिकार मिळाला, त्याचीच सही

ठरावाच्या प्रतीवर केवळ अध्यक्षांची सही होती, आणि ठरावाने अधिकारही अध्यक्षांनाच दिलेला होता. म्हणजे ‘मला अधिकार मिळाला आहे’ असे सांगणारा कागद ज्याचा त्यानेच प्रमाणित केला. बँकेला त्यातून काहीही सिद्ध होत नाही. ठराव इतिवृत्ताच्या नोंदवहीत लिहिलेला असावा, त्याला सूचक व अनुमोदक असावेत, उपस्थितांच्या सह्या त्याच नोंदवहीत असाव्यात, आणि बँकेला द्यावयाची सत्यप्रत किमान दोन पदाधिकाऱ्यांनी प्रमाणित केलेली असावी. सही करणाऱ्यांव्यतिरिक्त एखाद्या तिसऱ्या विश्वस्ताचे प्रमाणन असेल तर उत्तमच.

येथे आणखी एक गोष्ट उघड झाली. १२ जूनच्या बैठकीची सूचना कोणालाही लेखी दिलेली नव्हती. न्यासपत्रानुसार सात दिवसांची पूर्वसूचना आणि चार विश्वस्तांची गणपूर्ती आवश्यक होती. घरी तिघे जमले होते, उरलेल्यांच्या संमत्या दूरध्वनीवरून घेतल्या होत्या. घरोघरी वही फिरवून सह्या गोळा करण्याची पद्धतही अनेक ठिकाणी रूढ आहे. न्यासपत्रात अशा फिरत्या ठरावाची मुभा असेल तरच तो ग्राह्य. नसेल तर ती सभा नव्हे आणि तो ठरावही नव्हे. बँक प्रत्येक वेळी नोंदवही पाहत नाही हे खरे. परंतु विश्वस्तांत पुढे वाद उपस्थित झाला की पहिला घाव याच जागी बसतो.

तिसरी त्रुटी : नोंदवहीत एक नाव, सभेत दुसरे

ही त्रुटी सर्वांत नाजूक होती. न्यासाचे जुने कोषाध्यक्ष २ मे रोजी निवर्तले होते. १८ मे रोजी त्यांच्या जागी नव्या विश्वस्ताची निवड होऊन तेच कोषाध्यक्ष झाले. धर्मादाय कार्यालयाकडून मिळणाऱ्या परिशिष्ट एकच्या उताऱ्यात मात्र जुन्याच सात विश्वस्तांची नावे होती. म्हणजे बँकेसमोर असलेल्या अधिकृत कागदानुसार दिवंगत गृहस्थ अद्याप विश्वस्त होते आणि नव्या कोषाध्यक्षांचे नाव कोठेच नव्हते.

कलम २२ नुसार परिशिष्टातील कोणत्याही नोंदीत बदल झाला, की तो घडल्यापासून ९० दिवसांच्या आत फेरफार अर्ज, म्हणजे ज्याला व्यवहारात ‘चेंज रिपोर्ट’ म्हणतात तो, उपायुक्त किंवा सहायक धर्मादाय आयुक्तांकडे द्यावा लागतो. मृत्यूच्या नोंदीसाठी ही मुदत ३१ जुलैला संपणार होती आणि नव्या निवडीसाठी १६ ऑगस्टला. मुदत शिल्लक होती, पण अर्जच दिलेला नव्हता.

‘निवड रीतसर झाली आहे, मग कार्यालयाच्या आदेशासाठी का थांबायचे?’ असा प्रश्न विश्वस्तांनी विचारला. प्रश्न अगदीच चुकीचा नाही. निवडीचा अधिकार न्यासपत्राने मंडळाला दिलेला असतो आणि धर्मादाय कार्यालय त्या बदलाची चौकशी करून नोंद घेते. परंतु बँकेला निवडीच्या वैधतेची चौकशी करता येत नाही. उद्या दोन गट आपापले कोषाध्यक्ष घेऊन आले, तर खरा कोण हे ठरविणारी यंत्रणा बँक नव्हे. म्हणून बँक नोंदवहीवर विसंबते, आणि नव्या नावाची सही घेण्यापूर्वी फेरफार मान्य झाल्याचा आदेश मागते. काही बँका अर्ज दिल्याची पोच पाहून पुढे जातात, काही जात नाहीत. पोचीवर काम होईलच असे गृहीत धरू नये.

बँकेतील अधिकाऱ्याने यातून मार्ग सुचविला. अध्यक्ष आणि सचिव ही दोन्ही नावे उताऱ्यात होती, आणि न्यासपत्राला तिघांपैकी दोघांच्याच सह्या हव्या होत्या. तेव्हा प्रारंभी या दोघांच्या संयुक्त सहीने खाते उघडावे. फेरफार मान्य झाला की दुसऱ्या ठरावाने कोषाध्यक्षांचे नाव जोडावे. तोवर एक मर्यादा राहणार होती : दोघांपैकी एक परगावी गेला तर व्यवहार थांबणार. ती मर्यादा मंडळाने मान्य केली. जुळत नसलेल्या नावावर पाच आठवडे वाद घालण्यापेक्षा तो सौदा स्वस्त होता.

चौथी त्रुटी : नाव

नोंदणी प्रमाणपत्रावर न्यासाच्या नावाअखेर ‘चॅरिटेबल ट्रस्ट’ असे शब्द होते. लेटरहेडवर ‘सार्वजनिक न्यास’ असे होते. पॅन कार्डावर त्याच नावाचे संक्षिप्त रूप होते. माणसांच्या दृष्टीने संस्था एकच. पण कागदांच्या दृष्टीने तीन. खाते नोंदणी प्रमाणपत्रावरील नावानेच उघडते, आणि पॅनवरील नाव त्याच्याशी जुळावे लागते. दात्याने सुदैवाने प्रमाणपत्राप्रमाणेच नाव लिहिले होते. पॅनमधील नावाच्या दुरुस्तीचा अर्ज तत्काळ करण्यात आला आणि लेटरहेड बदलण्यात आले.

ठराव कसा असावा

मंडळाने २२ जून रोजी सर्वांना लेखी सूचना पाठविली. विषयपत्रिकेवर ‘बँक खाते उघडणे व सही करणारे विश्वस्त निश्चित करणे’ हा विषय स्पष्ट लिहिला. १ जुलै रोजी सभा झाली. नोंदवहीतील हयात सहा विश्वस्तांपैकी पाच आणि नवे कोषाध्यक्ष असे सहाजण उपस्थित होते. चारची गणपूर्ती नव्या विश्वस्तांना न मोजताही पूर्ण होत होती, त्यामुळे त्यांच्या नावाची नोंद बाकी असल्याचा प्रश्न ठरावाच्या वैधतेला शिवला नाही. ठरावाचा मसुदा पुढीलप्रमाणे होता. रिकाम्या जागी आपापले तपशील भरावेत.

‘विषय क्रमांक १. ____ या न्यासाच्या (नोंदणी क्रमांक ____) विश्वस्त मंडळाची सभा दिनांक ____ रोजी ____ येथे झाली. सभेची सूचना दिनांक ____ रोजी सर्व विश्वस्तांना देण्यात आली होती. गणपूर्ती झालेली होती. सर्वानुमते असे ठरले की :

(१) न्यासाच्या नावे ____ बँकेच्या ____ शाखेत बचत खाते उघडण्यात यावे. हे खाते अभ्यासिका निधीसाठी राहील.

(२) न्यासपत्राच्या कलम ____ नुसार हे खाते अध्यक्ष श्री. ____ आणि सचिव श्री. ____ या दोघांच्या संयुक्त सहीने चालविले जाईल. एकट्याच्या सहीने रक्कम काढता, वळती करता किंवा खाते बंद करता येणार नाही.

(३) इंटरनेटद्वारे व्यवहार करावयाचा झाल्यास एकाने तो नोंदवावा व दुसऱ्याने मंजूर करावा. दोघांचे भ्रमणध्वनी क्रमांक स्वतंत्रपणे नोंदविले जातील. व्यवहाराची दैनिक मर्यादा ____ रुपये राहील.

(४) या अधिकारात कर्ज किंवा उचल घेणे, ठेवी तारण ठेवणे अथवा जामीन राहणे यांचा समावेश नाही.

(५) सही करणारा विश्वस्त दिवंगत झाल्यास, पद सोडल्यास किंवा त्याला बदलल्यास सचिव अथवा अन्य कोणताही विश्वस्त बँकेस तत्काळ लेखी कळवील. बँकेस नव्या ठरावाची प्रत मिळेपर्यंत हा ठराव अमलात राहील.

सूचक : ____. अनुमोदक : ____.’

यातील प्रत्येक कलमामागे कारण आहे. ‘अध्यक्ष’ एवढे पद लिहून भागत नाही, कारण बँकेकडे नमुना सही व्यक्तीची असते. नुसते नाव लिहूनही भागत नाही, कारण ती व्यक्ती कोणत्या अधिकाराने सही करते हे न्यासपत्राशी ताडून पाहावे लागते. म्हणून पद आणि नाव दोन्ही हवीत. ‘चालविणे’ या शब्दात खाते बंद करण्याचा अधिकार येतो की नाही यावर पुढे वाद होतो, म्हणून तो उल्लेख वेगळा केला. कर्जाचा अधिकार वगळला, कारण न्यासाने कर्ज काढण्यावर अधिनियमाच्या कलम ३६-अ ची स्वतंत्र बंधने आहेत. खात्यावर सही करण्याच्या अधिकारातून तो विषय आपोआप सुटत नाही.

एकाच न्यासाचे जीवदया, शिक्षण, वैद्यकीय साहाय्य असे निरनिराळे निधी असतील आणि प्रत्येकासाठी वेगळे खाते हवे असेल, तर ‘आवश्यक ती खाती उघडावीत’ असे मोघम लिहू नये. प्रत्येक खात्याचा ठरावात स्वतंत्र उल्लेख करावा. मोघम ठरावाच्या आधारे उघडलेली आणि मंडळाला माहीतच नसलेली खाती हिशेब तपासणीत निघतात, तेव्हा उत्तर देणे कठीण जाते.

सोबतचे कागद

रिझर्व्ह बँकेच्या ‘केवायसी’ निर्देशांनुसार बँक नोंदणी प्रमाणपत्र, न्यासपत्र, न्यासाचा पॅन, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, सर्व विश्वस्तांची यादी आणि सही करणाऱ्यांची ओळखपत्रे घेते. याशिवाय न्यास स्थापन करणारा कोण, विश्वस्त कोण आणि न्यासावर प्रत्यक्ष नियंत्रण कोणाचे, याचे घोषणापत्रही असते. न्यासकर्ता हयात नसेल तर तसे लिहावे. रकाना रिकामा ठेवू नये. धर्मादाय संस्थांची माहिती नीती आयोगाच्या ‘दर्पण’ संकेतस्थळावर नोंदलेली आहे ना, हेही बँकेला पाहावे लागते. ती नोंद आधीच करून ठेवली तर वेळ वाचतो. बचत खात्यासाठी आयकर खात्याकडील नोंदणीचे पत्र मागितले जाते; ते नसेल तर बँक चालू खाते सुचविते, आणि त्यावर व्याज मिळत नाही.

अर्जात वारस नेमण्याचा रकाना असतो. तो न्यासाने भरावयाचा नाही. नामनिर्देशन व्यक्तीच्या खात्याला असते. न्यासाचा पैसा सही करणाऱ्याचा नसल्याने त्याच्या मागे कोणी वारस येत नाही. सही करणारा निवर्तला तरी खाते न्यासाचेच राहते. फक्त सह्यांची जोडी मोडते आणि नवा ठराव लागतो.

वसतिगृहाच्या न्यासाचे खाते १४ जुलै रोजी उघडले. त्याच दिवशी धनादेश भरण्यात आला. मुदत संपण्यास सुमारे सात आठवडे शिल्लक होते.

सही कोणी करू नये

खाते उघडल्यावर खरी परीक्षा सुरू होते. फेरफार मान्य झाल्यानंतर कोषाध्यक्षांचे नाव जोडण्याचा विषय आला, तेव्हा एका विश्वस्ताने योग्य शंका उपस्थित केली. अध्यक्ष आणि सचिव हे सख्खे चुलते-पुतणे होते. ‘तिघांपैकी कोणतेही दोघे’ असे लिहिले तर एकाच घरातील दोन सह्यांनी खाते चालू शकत होते. दोन सह्यांचा हेतू एकाने दुसऱ्याचे काम तपासावे हा असतो. एकाच घरात तो हेतू सहसा साध्य होत नाही. मंडळाने कोणावरही अविश्वास न दाखविता ठराव केला : कोषाध्यक्षांची सही आवश्यक, आणि तिच्यासोबत अध्यक्ष किंवा सचिव यांपैकी एकाची. न्यासपत्राची चौकट पाळली गेली आणि तपासणीही खरी झाली.

वसतिगृहाच्या व्यवस्थापकाला सहीचा अधिकार द्यावा काय, हाही प्रश्न निघाला. किराणा, भाजी, वीजबिल यांसाठी दर वेळी दोन विश्वस्तांच्या मागे धावावे लागे. विश्वस्ताला आपली निर्णयाची जबाबदारी दुसऱ्यावर सोपविता येत नाही. ठरलेल्या निर्णयाची अंमलबजावणी कर्मचाऱ्याकडून करून घेता येते. न्यासपत्रात स्पष्ट तरतूद नसेल तर बँका विश्वस्त नसलेल्या व्यक्तीची सही स्वीकारीत नाहीत, आणि ते योग्यच आहे. मंडळाने साधा उपाय केला : व्यवस्थापकाला दरमहा ठराविक रकमेची आगाऊ उचल धनादेशाने द्यायची आणि मागील महिन्याची बिले सादर झाल्यावाचून पुढची उचल द्यायची नाही.

सर्वांत घातक सवय मात्र कोऱ्या धनादेशांची आहे. एक विश्वस्त पर्यटनाला किंवा यात्रेला निघताना दहा कोऱ्या धनादेशांवर सही करून ठेवतो आणि ‘लागले तर वापरा’ म्हणतो. त्या क्षणी संयुक्त सहीचे खाते प्रत्यक्षात एकट्याच्या सहीचे होते, आणि ठरावातील दुसरे कलम केवळ कागदावर उरते. इंटरनेट व्यवहारांतही तेच घडते. दोघांचेही सांकेतिक शब्द आणि ‘ओटीपी’ येणारा भ्रमणध्वनी एकाच लेखनिकाच्या खणात असेल, तर नोंदविणारा आणि मंजूर करणारा एकच माणूस झाला. हे ओळखण्याची खूण सोपी आहे : महिन्याच्या उताऱ्यातील कोणताही एक व्यवहार दाखवून दुसऱ्या सही करणाऱ्याला तो कशाचा आहे, असे विचारावे. त्याला सांगता आले नाही तर दुसरी सही नावापुरतीच आहे.

दानपेटीजवळ लावलेल्या ‘क्यूआर’ चौकोनाकडेही याच दृष्टीने पाहावे. तो न्यासाच्या खात्याशीच जोडलेला असावा. प्रारंभी सोय म्हणून कोषाध्यक्षांच्या खासगी खात्याचा चौकोन लावला जातो आणि पुढे तोच राहतो. दाता दान न्यासाला देतो, पण पैसा एका व्यक्तीच्या खात्यात जातो. व्यक्ती कितीही सचोटीची असली, तरी तिच्या मृत्यूनंतर तो पैसा न्यासाचा होता हे तिच्या वारसांपुढे सिद्ध करण्याची वेळ येते.

पद गेले तरी सही आपोआप जात नाही, हे मंडळांच्या लक्षात क्वचितच राहते. सभेत नवे सचिव निवडले गेले, हार-तुरे झाले, पण बँकेला कळविले नाही, तर बँकेच्या संगणकात जुने सचिवच सही करण्यास अधिकृत राहतात. त्यांनी सही केलेला धनादेश वटला तर दोष बँकेचा नसतो, कारण मंडळाने दिलेल्या अखेरच्या सूचनेवर ती चालते. म्हणून निवडीच्या सभेतच तीन कामे ठरवून टाकावीत : बँकेला त्याच आठवड्यात लेखी पत्र, धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांच्या आत फेरफार अर्ज, आणि आदेश हाती येताच नव्या सह्यांचा ठराव. मधल्या काळात सह्यांची जोडी अपुरी पडत असेल, तर नोंदवहीत नाव असलेल्या व न्यासपत्राच्या अटीत बसणाऱ्या विश्वस्तांपैकीच पर्याय शोधावा.

दरवर्षी हिशेब मंजुरीच्या सभेत बँकेकडून एक पत्र मागवून वाचून दाखविण्याची प्रथा पाडता येईल. न्यासाच्या पॅनवर त्या बँकेत कोणती खाती आहेत, प्रत्येकावर सही करणारे कोण आहेत आणि नोंदविलेले भ्रमणध्वनी क्रमांक कोणाचे आहेत, एवढेच त्या पत्रात असावे. ते पत्र आणि परिशिष्ट एकचा ताजा उतारा शेजारी ठेवून नावे ताडून पाहण्यास दहा मिनिटे लागतात. जे नाव जुळणार नाही, त्याची दुरुस्ती त्याच सभेत ठरावात लिहून घ्यावी.